कोणत्याच देशाचा नसलेला माणूस



आजचा विषय कायद्याचा आहे, पण तो समजायला वकिलीची सनद लागत नाही. एखादा माणूस एका गावात जन्मतो, तिथेच वाढतो, काम करतो, म्हातारा होतो, आणि तरीही तो जगातल्या एकाही देशाचा नागरिक नसतो. हे कसे घडते, आणि घडल्यावर कायदा त्याच्या हाती काय देतो, एवढेच दोन प्रश्न मी आज घेणार आहे. त्यासाठी उदाहरण घेणार आहे आपल्या शेजारच्या श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या तामिळ मजुरांचे. या उदाहरणाची सुरुवात, मधला भाग आणि बराचसा शेवटही आपल्याला कागदोपत्री दिसतो, म्हणून ते निवडले.

आधी शब्द नीट करून घेऊ. अशा माणसाला आपल्याकडे कोणी राष्ट्रहीन म्हणतात, कोणी राज्यविहीन. मी ‘नागरिकत्वहीन’ हा शब्द वापरीन, कारण उणीव नेमकी तिथे असते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९५४ साली या लोकांसाठी एक करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात व्याख्या आहे. तिचा भावार्थ असा, की कोणतेही राज्य आपल्या कायद्याच्या अंमलानुसार ज्याला आपला नागरिक मानत नाही, तो नागरिकत्वहीन.

या व्याख्येत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की तो निर्वासित असलाच पाहिजे असे नाही. निर्वासित माणूस छळाच्या भीतीने आपला देश सोडून आलेला असतो. त्याला बहुधा देश असतो, पण तिथे जाता येत नाही. नागरिकत्वहीन माणसाने मात्र कदाचित आयुष्यात एकही सीमा ओलांडलेली नसते. दुसरी गोष्ट, व्याख्या ‘मानत नाही’ असे म्हणते, ‘मानू शकणार नाही’ असे नाही. उद्या अर्ज केला तर एखादा देश कदाचित नागरिकत्व देईल, एवढ्यावरून आज तो त्या देशाचा नागरिक ठरत नाही. हा फरक बारीक वाटतो, पण पुढे सगळी गोष्ट त्यावरच फिरणार आहे.

आता सिलोनकडे वळू. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथल्या डोंगराळ भागात आधी कॉफीचे आणि मग चहाचे मळे लावले. त्यासाठी मजूर आणले ते मद्रास इलाख्यातल्या तिरुचिरापल्ली, मदुरा, सेलम अशा जिल्ह्यांतून. कंगाणी म्हणजे मुकादम. तो गावात जाऊन आपल्या ओळखीची, आपल्या जातीची माणसे गोळा करी, त्यांना उचल देई आणि मळ्यावर नेई. तिथे बराकीसारख्या लांबलचक चाळींत एकेका कुटुंबाला एकेक खोली मिळे. मद्रास इलाखा आणि सिलोन, दोन्हींवर राजा एकच होता. त्यामुळे हा माणूस परदेशी गेला असे तेव्हा कोणाला वाटले नाही, आणि कायद्यालाही नाही. तो इकडे ब्रिटिश प्रजाजन होता आणि तिकडेही.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाला. त्याआधीच्या वर्षी झालेल्या निवडणुकीत मळ्यांवरच्या मजुरांनी मतदान केले होते, आणि त्यांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे उमेदवार संसदेत निवडूनही गेले होते. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच नव्या संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. १९४८ चा १८ क्रमांकाचा हा कायदा त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अमलात आला. त्यात ‘तामिळ’ किंवा ‘मजूर’ हे शब्द कुठेही नाहीत. तो एवढेच म्हणतो, की सिलोनमध्ये जन्मलेल्या माणसाचा बापही सिलोनमध्येच जन्मलेला असेल, किंवा आजोबा आणि पणजोबा दोघे तिथे जन्मलेले असतील, तर तो वंशपरंपरेने नागरिक.

हे वाक्य गावातल्या सिंहली शेतकऱ्याला लागू केले तर त्याला काही करावे लागत नाही. त्याच्या बापाचा जन्मदाखला कोणी मागत नाही. मळ्यावरच्या मजुराला मात्र प्रत्येक कचेरीत तो दाखला मागितला जाऊ लागला, आणि मळ्याच्या चाळीत जन्मलेल्या बापाचा दाखला बहुतेकांकडे नव्हता.

१९४९ साली दुसरा कायदा झाला. सिलोनमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांना नोंदणी करून नागरिकत्व मिळवण्याची वाट त्याने दिली. अट अशी होती, की १ जानेवारी १९४६ च्या आधी विवाहिताने सलग सात वर्षे आणि अविवाहिताने सलग दहा वर्षे सिलोनमध्ये काढलेली असावीत. एका वेळी बारा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिले की सलगपणा तुटे. अर्जाची मुदत दोन वर्षांची. याच वर्षी निवडणूक कायद्यातही दुरुस्ती झाली, आणि जो नागरिक नाही त्याचे नाव मतदार यादीतून गेले.

आता हे सारे एका कुटुंबाला लावून पाहू. कुटुंब कल्पनेतले आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा हजारो खऱ्या कुटुंबांनी पाहिलेला आहे. आजोबा १९०५ साली तिरुचिरापल्ली जिल्ह्यात जन्मले आणि दहा वर्षांचे असताना कंगाणीबरोबर हॅटनजवळच्या मळ्यावर आले. त्यांचा मुलगा १९२६ साली त्याच मळ्यावर जन्मला.

मुलाची पहिली परीक्षा १९४८ च्या कायद्याची. त्याचा स्वतःचा जन्म सिलोनचा आहे, पण बापाचा नाही. आजोबा आणि पणजोबा तर भारतातलेच. म्हणून तो वंशपरंपरेने नागरिक नाही. दुसरी परीक्षा १९४९ च्या कायद्याची. १९४६ साल उजाडले तेव्हा तो अविवाहित होता, म्हणून आधीची दहा वर्षे सलग हवीत. पण १९३८ साली गावाकडे आजी अंथरुणाला खिळली, म्हणून सगळे कुटुंब तिकडे गेले आणि चौदा महिन्यांनी परतले. सलगपणा तुटला. अर्ज नामंजूर.

मग तो भारतीय का नाही? आपल्या राज्यघटनेचे पाचवे कलम भारतात अधिवास असलेल्यांसाठी आहे, आणि त्याचा अधिवास हॅटनला. आठवे कलम परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसासाठी आहे. स्वतः तो, त्याचे आईबाप किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी अखंड भारतात जन्मलेले असेल, तर तो त्या देशातल्या भारतीय वकिलातीत नाव नोंदवून भारताचा नागरिक होऊ शकतो. म्हणजे वाट होती. पण ती आपोआप चालू होत नव्हती, अर्ज करावा लागे. या मुलाने तो केला नाही. भारतीय म्हणून नाव घातले, की सिलोनमधला त्याचा दावा संपला, नोकरी आणि खोलीही जाणार, हे त्याला दिसत होते. ज्या देशात तो जन्मला त्याने त्याला नाकारले, आणि ज्या देशात बाप जन्मला त्याच्याकडे त्याने मागणी केली नाही. व्याख्येतला ‘मानत नाही’ हा शब्द इथे आठवा. मागता आले असते म्हणून तो भारतीय ठरत नाही. १९५१ सालच्या ऑगस्टमध्ये नोंदणीची मुदत संपली, तेव्हा हा पंचवीस वर्षांचा मजूर कोणाचाच नव्हता.

इथे कोणी म्हणेल, हा अन्याय न्यायालयात नेता आला नसता का? नेला होता. सिलोनच्या तेव्हाच्या राज्यघटनेच्या एकोणतिसाव्या कलमात कोणत्याही जमातीवर भेदभाव करणारा कायदा करण्यास मनाई होती. त्या आधारावर कोडाकन पिल्लै यांचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९५३ साली निकाल विरुद्ध लागला. आपले नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला आहे, आणि कायद्यात जमातीचे नाव घेऊन कोणाला वगळलेले नाही, अशी भूमिका घेतली गेली. कायद्याची भाषा सर्वांना सारखीच होती. फरक होता तो कोणाला कागद दाखवावा लागतो, यात.

पुढची पिढी पाहा. या मजुराला दोन मुली झाल्या, एक १९५६ साली आणि दुसरी १९५९ साली, दोघी हॅटनच्याच मळ्यावर. सिलोनच्या कायद्यात १९४८ नंतर जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व बापाकडून येते. बाप नागरिक नाही, म्हणून मुली नाहीत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही तेव्हा परदेशात जन्मलेल्या मुलाला बाप भारतीय असल्यासच नागरिकत्व मिळे. बाप भारतीय नाही, म्हणून इथेही नाही. दोन्ही देशांचे कायदे आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि दोघांच्या मधल्या फटीत दोन तान्ह्या मुली पडल्या. नागरिकत्वहीनता अशी वारशाने जाते. घर, जमीन, दागिना काही नसले तरी हा वारसा मात्र न चुकता पोचतो.

१९६४ साली दोन सरकारे एकत्र बसली. ३० ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके यांनी करार केला. अशा लोकांची संख्या ९ लाख ७५ हजार धरली गेली. त्यातले ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने ठेवायचे, आणि उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहायचे. ते नंतर म्हणजे १९७४ साल. तेव्हा इंदिरा गांधी आणि सिरिमावो यांनी दीड लाखांचे दोन सारखे भाग केले, पाऊण लाख इकडे आणि पाऊण लाख तिकडे.

आकडे आधी ठरले आणि माणसे नंतर शोधली गेली, हा या कराराचा दोष. अंमलबजावणीसाठी प्रमाणही ठरले होते, भारताकडे सात तर सिलोनकडे चार. ज्याला सिलोनमध्येच राहायचे होते, त्याची पाळी दुसरे सात जण भारताच्या वाटेला लागण्यावर अवलंबून होती. तलैमन्नारहून रामेश्वरमला जाणाऱ्या बोटीने लाखो लोक आले. त्यांतली कित्येक कुटुंबे निलगिरीच्या चहामळ्यांवर वसवली गेली. १९८३ साली श्रीलंकेत वांशिक हिंसाचार भडकला, पुढच्या वर्षी बोट बंद पडली, आणि ही येजाही थांबली. भारतीय पासपोर्ट हाती पडलेली ८० हजारांहून अधिक माणसे तिकडेच अडकून राहिली.

आपल्या कुटुंबातल्या बापाने श्रीलंकेतच राहण्यासाठी अर्ज केला होता आणि त्याचा निकाल लागला नव्हता. इथून त्याच्या दोन मुलींच्या वाटा फुटतात.

थोरली हॅटनलाच राहिली. तिच्यासाठी कायदा बदलत गेला, पण हप्त्याहप्त्याने. १९८६ साली श्रीलंकेने एक कायदा केला, १९८८ साली दुसरा. दोन्ही उपयोगी होते, पण दोन्हींत कोणाला ना कोणाला काहीतरी सिद्ध करावे लागतच होते. शेवटची गाठ सुटली ती ऑक्टोबर २००३ मध्ये, संसदेने एकमताने केलेल्या कायद्याने. तो फार छोटा कायदा आहे. भारतीय वंशाची जी व्यक्ती ३० ऑक्टोबर १९६४ पासून श्रीलंकेची कायम रहिवासी आहे, किंवा अशा रहिवाशाची वंशज आहे, आणि दुसऱ्या कोणत्या देशाची नागरिक नाही, ती श्रीलंकेची नागरिक. कोटा नाही, सात आणि चार नाही, बापाचा दाखला नाही. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट होता त्यांना एक साधे निवेदन द्यायचे होते, आणि अधिकाऱ्याने त्यावर प्रतिस्वाक्षरी करायची होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या मदतीने मळ्यामळ्यांवर टेबले मांडली गेली, आणि अवघ्या काही दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार लोकांची कागदपत्रे पुरी झाली. पंचावन्न वर्षे न सुटलेला प्रश्न इतक्या थोड्या दिवसांत सुटला, कारण सिद्ध करण्याचा भार माणसावरून काढून टाकला गेला. थोरली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती.

धाकटीचे मात्र तसे झाले नाही. १९८३ च्या दंगलीनंतर ती नवऱ्याबरोबर मासेमारीच्या होडीतून समुद्र ओलांडून रामेश्वरमला उतरली. तिथून मंडपमची छावणी. पासपोर्ट नव्हता, कारण पासपोर्ट द्यायला देशच नव्हता. छावणीच्या नोंदवहीत ती ‘श्रीलंकेची निर्वासित’ झाली. ज्या देशाने तिला एकदाही आपली म्हटले नव्हते, त्या देशाच्या नावावर ती लागली. छावणीत तिला रोख मदत आणि धान्य मिळते, मुले शाळेत जातात, हे सांगितले पाहिजे. पण कागदावर ती परदेशी आहे.

तिला छावणीत दोन मुले झाली. मुलगा १९८६ साली आणि मुलगी १९८९ साली. भारताच्या नागरिकत्व कायद्याचे तिसरे कलम असे, की २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जो जन्मला, तो जन्मानेच नागरिक. आईबाप कोण हे विचारायचे नाही. त्या तारखेनंतर जन्मलेल्याच्या बाबतीत आईबापांपैकी एक तरी भारतीय असला पाहिजे. म्हणजे मुलगा भारताचा नागरिक आहे आणि त्याची सख्खी बहीण नाही. ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. १९८६ साली मंडपम छावणीत जन्मलेल्या एका महिलेला पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ती जन्मानेच भारतीय असल्याचा निर्वाळा दिला. सदतीस-अडतीस वर्षांच्या वयात तिला मतदानही करता आले. कायदा तिच्या बाजूने जन्मापासून होता. फक्त तो तिला लागू आहे असे कोणी म्हणत नव्हते.

धाकटीची आणि तिच्या मुलीची वाट याहून बिकट आहे. कागदपत्रांशिवाय देशात आलेल्याला आपला कायदा बेकायदा स्थलांतरित म्हणतो, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अशा व्यक्तीला नोंदणीने वा देशीयकरणाने नागरिक होता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ही अट काहींसाठी सैल केली, पण ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी. श्रीलंका त्यात नाही. त्याच २०१९ सालच्या जूनमध्ये मदुराई खंडपीठापुढे अशाच पासष्ट जणांचा अर्ज आला होता. हे लोक भारतातून गेलेल्या मजुरांचे वंशज आहेत, त्यांना सरसकट बेकायदा आलेल्यांच्या रांगेत बसवू नये, असे न्यायालयाने म्हटले, आणि त्यांचे अर्ज घेऊन सोळा आठवड्यांत निर्णय करण्यास केंद्र सरकारला सांगितले. यात न्यायालयाची मर्यादाही दिसते. जो कायद्याने नागरिक आहेच, त्याला न्यायालय तसे जाहीर करू शकते. जो नाही, त्याच्याबद्दल ‘विचार करा’ एवढेच सांगू शकते. श्रीलंकेनेही २००९ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून भारतात गेलेल्यांसाठी दार उघडे केले. पण त्यासाठी धाकटीला आपण १९६४ पासून तिथले होतो हे छावणीत बसून दाखवायचे आहे. म्हणजे पुन्हा कागद.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अशा माणसाला कायदा काय संरक्षण देतो?

आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन करार आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. १९५४ चा करार सांगतो, की आज जो नागरिकत्वहीन आहे, त्याला जगता आले पाहिजे. त्याला ओळखपत्र द्या, कायदेशीर वास्तव्य असेल तर प्रवासासाठी दाखला द्या, मुलांना प्राथमिक शाळा आपल्या मुलांसारखीच द्या, न्यायालयाचे दार उघडे ठेवा, आणि शक्य तितके त्याचे देशीयकरण सोपे करा. १९६१ चा करार सांगतो, की मुळात असा माणूस निपजू नये. आपल्या भूमीवर जन्मलेले मूल अन्यथा नागरिकत्वहीन होणार असेल, तर जन्मभूमीच्या देशाने त्याला नागरिकत्व द्यावे. ही एक अट श्रीलंकेत लागू असती, तर १९६१ नंतर जन्मलेल्या मुलांना तरी दार उघडले असते, आणि वारसा तिथेच थांबला असता. पण श्रीलंका आणि भारत दोघांनीही या दोन्ही करारांवर सही केलेली नाही.

मग आपल्याकडे काहीच नाही का? तसेही नाही. बालहक्कांच्या कराराच्या सातव्या कलमात प्रत्येक मुलाची जन्मनोंद आणि नागरिकत्व मिळवण्याचा हक्क सांगितला आहे, आणि तो करार भारताने १९९२ साली स्वीकारला. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे आपली राज्यघटना. तिची काही कलमे ‘नागरिक’ म्हणतात आणि काही ‘व्यक्ती’ म्हणतात. भाषणाचे, संचाराचे आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य देणारे एकोणिसावे कलम नागरिकांसाठी आहे. पण कायद्यापुढे समानता देणारे चौदावे आणि जीविताचे रक्षण करणारे एकविसावे कलम प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा लोकांना हुसकावून लावण्याचे इशारे दिले जात होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याच एकविसाव्या कलमाच्या आधारे त्यांच्या जीविताचे रक्षण करण्यास आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवण्यास राज्य सरकारला सांगितले. शिवाय आपल्या पासपोर्ट कायद्यात, लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास, भारताचा नागरिक नसलेल्यालाही प्रवासाचा दाखला देण्याची तरतूद आहे. म्हणजे घटना त्याला जगू देते. पण आपल्याकडे ‘हा माणूस कोणाचाच नागरिक नाही’ असे ठरवून तसे लिहून देणारी कार्यपद्धती नाही. जो भारतीय नाही तो परदेशी, एवढे दोनच कप्पे आहेत. तिसऱ्या कप्प्यातला माणूस दुसऱ्यात ढकलला जातो.

ते ठरवायचे कसे, याची रीत मात्र अवघड नाही. त्या माणसाचा ज्या ज्या देशाशी खरा संबंध आहे, म्हणजे जन्माचा, आईबापांचा, लग्नाचा किंवा दीर्घ वास्तव्याचा, तेवढेच देश घ्यायचे. साऱ्या जगातले देश तपासायचे नसतात. प्रत्येक देशाचा त्याच्या जन्माच्या दिवशी कायदा काय होता ते पाहायचे. नुसता आजचा कायदा पाहून उपयोग नसतो. १ जुलै १९८७ ची गोष्ट आपण पाहिलीच. मग नागरिकत्व आपोआप मिळत होते की अर्जाने, हे विचारायचे. अर्जाने मिळत असेल आणि अर्ज झालेला किंवा मंजूर झालेला नसेल, तर तो नागरिक नाही. आणि शेवटी, कायदा काहीही म्हणो, तिथले अधिकारी अशा माणसांना प्रत्यक्षात कसे वागवतात, हे पाहायचे. हे शोधण्याचे काम एकट्या अर्जदाराचे नाही. ज्याच्याकडे कागद नाही हीच ज्याची अडचण, त्याच्याकडेच ‘माझ्याकडे काही नाही’ याचा कागद मागणे निरर्थक आहे. म्हणून निर्वासित उच्चायुक्तालयाची मार्गदर्शिका हा भार अर्जदार आणि सरकार दोघांनी वाहावा असे सांगते.

आता थोडे आपल्या अंगणात येऊ. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या किंवा निजामाच्या मुलखात कोणत्या तरी चाकरीसाठी आले. पणजोबांच्या जन्माचा दाखला मागितला, तर आपल्यातल्या किती घरांतून तो निघेल? तो कोणी मागितला नाही, कारण २६ जानेवारी १९५० रोजी ते आणि त्यांचे मूळ गाव एकाच देशाच्या हद्दीत होते. मळ्यावरचा तामिळ मजूरही असाच चाकरीसाठी गेलेला होता. फक्त नवी सीमा त्याच्या आणि त्याच्या गावाच्या मधून गेली.

आणि सीमा मधून गेली तरी माणसे फटीत पडलीच पाहिजेत असे नाही. याचे उदाहरण आपल्या गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा तिथले लोक कायद्याने पोर्तुगालचे होते. त्यांचे काय करायचे हे १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने ठरले. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणी एक, त्या प्रदेशात जन्मले असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एक महिन्यात लेखी कळवावे. काहींनी तसे कळवलेही. बाकी कोणालाही अर्ज करावा लागला नाही.

सिलोनचा १९४९ चा कायदा आणि हा आदेश शेजारी ठेवून पाहा. तिथे ज्याने अर्ज केला आणि सिद्ध केले, तो आत. बाकी सगळे बाहेर. इथे सगळे आत, आणि ज्याने बाहेर राहण्याचा अर्ज केला, तो बाहेर. तिथे नुसत्या बापाचा जन्म पुरला नाही तर आजोबा आणि पणजोबा दोघे लागत. इथे चार आजी-आजोबांपैकी कोणीही एक पुरे, मग ती आईची आई का असेना. पहिल्या पद्धतीने लाखो लोक दोन-तीन पिढ्या कोणाचेच नव्हते. दुसऱ्या पद्धतीत ज्याने काही केले नाही तोही नागरिक झाला. आणि श्रीलंकेचा प्रश्न सुटला तो २००३ साली, या दुसऱ्या पद्धतीकडे वळल्यावरच.

म्हणून उद्या कुठल्याही देशात नागरिकत्वाचा नवा नियम आला, तर तो कोणाचे नाव घेतो हे पाहणे पुरेसे नाही. ज्याने काहीच केले नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या बापाची नोंद कोणी केली नाही, असा माणूस त्या नियमाखाली दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे असेल, हे विचारावे. तो आत असेल तर नियम ठीक आहे. तो बाहेर असेल, तर त्याला घेणारा दुसरा देश खरोखर आहे का, हे नियम करण्याआधी पाहिले पाहिजे. हॅटनच्या मळ्यावर ते कोणी पाहिले नाही. धाकटीची मुलगी आज पस्तिशी ओलांडून गेली आहे, आणि तिच्या भावाच्या खिशात मतदार ओळखपत्र असू शकते.